थॅलॅमसमध्ये न थांबणारा वास, आणि बाबांना विक्स कळतं त्याचा अर्थ

प्रश्न: डॉक्टर, आम्ही इंदूरचे. बाबा 67 वर्षांचे आहेत, दोन-तीन वर्षांपासून त्यांना वास येत नाही असं वाटतंय, परवा दूध आटून पातेलं करपलं तरी शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. मी वाचलं की वास थॅलॅमसमधून न जाता थेट कॉर्टेक्सला जातो, आणि वास जाणं म्हणजे पार्किन्सन किंवा अल्झायमरची आधीची खूण असू शकते. थेट का जातो आणि ह्या दोन्हींचा संबंध काय? विक्स मात्र त्यांना लगेच कळतं.

उत्तर:

ताई, आधी ते विक्सचं बघू, कारण बहुतेक घरांची फसगत तिथेच होते आणि तुमच्या थॅलॅमसच्या प्रश्नाची सुरुवातही तिथूनच करता येते. विक्स, मिरचीचा खकाणा, कांद्याचा झणका, ह्या सगळ्याला आपण वासच म्हणतो, पण त्यातला जो झोंबणारा, गार वाटणारा, डोळ्यांत पाणी आणणारा भाग आहे ना, तो वासाच्या नसेचा नाहीच. ते काम पाचव्या नसेचं, ट्रायजेमिनलचं, जी चेहऱ्याचा स्पर्श, दुखणं, गार-गरम हे सगळं नेते. आणि ही पाचवी नस अगदी नियमाप्रमाणे चालते, ब्रेनस्टेममध्ये म्हणजे मेंदूच्या देठात थांबा, मग थॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या मधोमध असलेल्या जंक्शनवर थांबा, मग कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचा वरचा थर. म्हणजे एकाच नाकातून दोन लायनी निघतात, एक थॅलॅमसमार्गे आणि एक थॅलॅमसला टाळून. बाबांची वासाची लाईन पूर्ण बंद पडली असेल तरी विक्सची बाटली नाकाशी नेली की ते मान मागे घेणारच. त्यावरून नाक ठीक आहे असं धरू नका.

आता वासाची खरी लाईन. नाकाच्या एकदम वरच्या छताला काही चौरस सेंटीमीटरची एक पातळ त्वचा असते, त्यात वास पकडणाऱ्या पेशी बसलेल्या असतात आणि ह्या पेशी स्वतःच मेंदूच्या जातीच्या न्यूरॉन आहेत, थेट हवेच्या संपर्कात. प्रत्येक पेशी साधारण 400 प्रकारच्या रिसेप्टरपैकी एकच प्रकार घेऊन बसते. (हे रिसेप्टर लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी 1991 मध्ये शोधले, 2004 चं नोबेल त्यावरच.) तिथून बारीक तारा कवटीच्या तळाला असलेल्या चाळणीसारख्या हाडातून वर जातात आणि लगेच वर टेकलेल्या ऑल्फॅक्टरी बल्बमध्ये शिरतात. बल्बमधली पुढची पेशी, जिला मायट्रल सेल म्हणतात, तिची तार निघते ती थेट पिरिफॉर्म कॉर्टेक्सला, भावनांशी जोडलेल्या अमिग्डलाच्या एका भागाला आणि एन्टोरायनल कॉर्टेक्सला, जे हिप्पोकॅम्पसचं म्हणजे आठवणीच्या कारखान्याचं दार आहे. झालं, एवढंच. हवेपासून कॉर्टेक्सपर्यंत मध्ये फक्त दोन जोड, एक बल्बमध्ये आणि एक कॉर्टेक्समध्ये उतरताना. डोळ्याचं बघा, पडद्यातच दोन जोड होतात, तिसरा थॅलॅमसमध्ये, तेव्हा कुठे चौथा कॉर्टेक्सला.

असं का, ह्याचं पहिलं कारण वयाचं आहे, म्हणजे कॉर्टेक्सच्या वयाचं. वासाचा कॉर्टेक्स हा मेंदूतला फार जुना भाग, माशांमध्येसुद्धा बल्बची तार थेट पुढच्या मेंदूत जाते. आपला डोळ्याचा, कानाचा, स्पर्शाचा जो नवा कॉर्टेक्स आहे तो सहा थरांचा, आणि थॅलॅमसहून येणारी तार मुख्यतः त्याच्या चौथ्या थरात उतरते, जणू तो थर तिच्यासाठीच राखून ठेवलाय. पिरिफॉर्म मात्र तीनच थरांचा, त्यात तो चौथा थरच नाही, बल्बची तार सगळ्यात वरच्या थरात पसरते. म्हणजे आधी थॅलॅमसमधून जाणारा रस्ता होता आणि मग वासाने तो सोडून शॉर्टकट घेतला असं झालेलं नाही, वासाचा रस्ता आधीपासूनच असा होता आणि थॅलॅमसमार्गे जाणारी मोठी व्यवस्था नव्या कॉर्टेक्सबरोबर वाढली. शिकवतानासुद्धा हे उलटं सांगितलं जातं म्हणून मुद्दाम लिहितोय.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. थॅलॅमस नुसता टपाल पुढे ढकलणारा नाही, तो काय आत सोडायचं, किती जोरात सोडायचं, कधी दार लोटून घ्यायचं हे ठरवतो आणि कॉर्टेक्सकडून उलटे निरोपही घेतो. आता बल्ब काय करतो ते बघा. एका जातीच्या रिसेप्टरच्या हजारो तारा येऊन एका छोट्या गोळ्यात मिळतात, तिथे विखुरलेला सिग्नल एकत्र होऊन ठळक होतो, शेजारच्या पेशी एकमेकींना दाबतात म्हणजे गोंगाट कमी होतो, आणि कॉर्टेक्सकडून उलट्या तारा येऊन बल्बला सांगतात की आत्ता हे वाढव, ते दाब. हे सगळं थॅलॅमसचंच काम झालं की! लेस्ली के आणि मरे शर्मन यांनी 2007 मध्ये हाच मुद्दा मांडला होता, की बल्बलाच वासाचा थॅलॅमस समजा. मला तो पटतो. दारवान नाही असं नाही, दारवान फाटकाशीच बसलाय एवढंच.

झोपेत हे नीट कळतं. गाढ झोपेत थॅलॅमस बाहेरचं बरंचसं अडवतो, मग वाटेल की ज्या वासाला थॅलॅमस लागतच नाही त्याने माणूस पटकन जागा व्हायला हवा. उलटंच आहे. झोपलेल्या माणसाला धुराच्या किंवा गॅसच्या वासाने जाग येईल ह्यावर अजिबात विसंबू नये, कारण झोपेत वासाचा कॉर्टेक्स आणि बल्ब स्वतःच मंद होतात. बाबांच्या बाबतीत तर जागेपणीसुद्धा हा धोका आहे, म्हणून पुढचं काही वाचायच्या आधी एक ठरवा, स्वयंपाकघरात गॅस लीकचा अलार्म बसवून घ्या, मेंदूचं निदान काहीही निघो, हे आजच करण्यासारखं आहे.

आणि थॅलॅमसचा वासाशी संबंधच नाही असंही नाही बरं का. पिरिफॉर्ममधून पुढे ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्सकडे, म्हणजे डोळ्यांच्या वरच्या भागाकडे, एक रस्ता थेट जातो आणि दुसरा थॅलॅमसच्या मीडिओडॉर्सल भागातून जातो. त्या भागात स्ट्रोक झालेल्या माणसांना वास येतो पण तो कशाचा ते सांगणं जड जातं आणि वास आवडण्या-नावडण्याची धार कमी होते. म्हणजे थॅलॅमस येतो, पण कॉर्टेक्सच्या नंतर येतो.

आता आजाराकडे. इथे एक गोष्ट नीट धरून ठेवा, "थॅलॅमस नाही म्हणून वास जाणं ही धोक्याची खूण" असं सरळ गणित नाहीये. खूण ठरायचं कारण असं, की पार्किन्सन आणि अल्झायमर ह्या दोन्हींचं नुकसान ज्या जागी फार लवकर दिसतं त्या जागा आणि वासाच्या लाईनीची पहिली-दुसरी स्टेशनं एकच आहेत. हाइको ब्राक आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये मृत्यूनंतरचे मेंदू तपासून पार्किन्सनच्या पायऱ्या मांडल्या, त्यात अल्फा-सिन्यूक्लिन नावाच्या प्रोटीनच्या गुठळ्या सुरुवातीला दोन जागी दिसतात, एक बल्ब आणि त्याच्या लगतचा भाग, दुसरी ब्रेनस्टेममधली व्हेगस नसेची जागा जिचा आतड्याशी संबंध आहे. ज्याच्या बिघाडाने हात थरथरतो, तो डोपामिन बनवणारा काळा भाग म्हणजे सब्स्टॅन्शिया नायग्रा तिसऱ्या पायरीवर. म्हणून पार्किन्सनचा हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी नाक जातं आणि पोट साफ होईनासं होतं. वासाच्या वाटेवर मध्ये थॅलॅमसचा थांबा नाही ह्याचा परिणाम एवढाच, की बल्बमध्ये किंवा एन्टोरायनलमध्ये बिघाड झाला तर तो झाकायला अलीकडे-पलीकडे दुसरं काही नाही, थेट वासातच दिसतो.

नाकातूनच काहीतरी शिरतं आणि पेशी ते पेशी पसरत जातं, असाही एक तर्क आहे. उंदरांच्या बल्बमध्ये बिघडलेलं सिन्यूक्लिन टोचलं तर ते जोडलेल्या भागांत पसरताना दिसतं, हे खरं. पण माणसात सुरुवात तिथूनच होते हे सिद्ध झालेलं नाही, आणि सगळ्या पेशंटचे मेंदू ब्राकच्या पायऱ्यांत बसतही नाहीत. नाकात तेल-तूप घालून पार्किन्सन टळतो असे मेसेज फिरतात, त्यांना ह्यातून आधार काढू नका.

एक पेशंट सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. 64 वर्षांचे काका, बँकेतून रिटायर, आपल्या इंदूरचेच. आले होते उजव्या खांद्यासाठी, वर्षभर फ्रोझन शोल्डर म्हणून शेक, व्यायाम, इंजेक्शन सगळं झालेलं, फरक पडत नव्हता. चालत आत आले तेव्हा उजवा हात अंगाशी धरल्यासारखा, डावा हलत होता. मी अंगठा आणि तर्जनी भराभर आपटायला सांगितली, पहिली चार-पाच मोठी आणि मग टाळी लहान लहान होत गेली. एक ओळ लिहून घेतली, सुरुवातीला अक्षर मोठं आणि ओळ संपेपर्यंत मुंगीएवढं. मग मी काकूंना विचारलं, वासाचं कसं आहे ह्यांचं? काका म्हणाले एकदम नॉर्मल. काकू म्हणाल्या, पाच-सहा वर्षं झाली, सकाळच्या पोह्यांवर जीरावन मसाला घालतात ते आता चमचाभर घालतात आणि तरी म्हणतात ह्यात जीरावन नाहीच, आधीसारखं मिळत नाही दुकानात. आणखी विचारलं तर इसबगोल आठ वर्षांपासून, आणि झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं, एकदा तर पलंगावरून खाली पडलेले, काकू वेगळ्या खोलीत झोपायला लागल्या होत्या आणि हे त्यांनी कुठल्याच डॉक्टरला सांगितलं नव्हतं कारण कोणी विचारलं नव्हतं.

डोळे मिटून, एकेका नाकपुडीने वास तपासला. कॉफी, काही नाही. गुलाबपाणी, काही नाही. हिंग, "काहीतरी आहे". विक्स, झटकन मान मागे. म्हणजे पाचवी नस शाबूत, पहिली, म्हणजे वासाची, गेलेली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने नाक बघितलं, पॉलिप नाही, सूज नाही, हवा वर पोचतेय. निदान पार्किन्सन, आणि ते मी नाकावरून नाही तर हातावरून केलं, नाकाने फक्त सांगितलं की ही गोष्ट खांद्याच्या आधी पाच-सहा वर्षं सुरू आहे. लेव्होडोपा, म्हणजे मेंदूला डोपामिन पुरवणारी गोळी, सुरू केल्यावर दोन महिन्यांत हात सुटला, खांदाही सुटला. वास आला नाही.

ते का, हे काकांनी मला विचारलं होतं आणि प्रश्न चांगला आहे. डोपामिन कमी झालं म्हणून हात अडला, डोपामिन दिलं आणि हात सुटला, मग नाक का नाही? कारण बल्बमध्ये गोष्ट उलटी आहे. तिथे डोपामिनच्या पेशी सिग्नल दाबायचं काम करतात, आणि पार्किन्सनच्या पेशंटच्या बल्बमध्ये अशा पेशी कमी नाही तर जास्त आढळल्यात. तिथलं नुकसान डोपामिनच्या टंचाईचं नाहीच, त्यामुळे गोळी तिथे उपयोगी पडत नाही. वास परत आला नाही म्हणून गोळी लागू पडत नाही असं कोणी समजू नये.

काकांचं ते "एकदम नॉर्मल" पण लक्षात ठेवा. इतक्या हळूहळू गेलेला वास बहुतेक पेशंटना स्वतःला कळतच नाही, ते म्हणतात जेवणाला चव नाही, मसाला पूर्वीसारखा नाही, सुनेचा हात वेगळा आहे. जिभेचं गोड-खारट-आंबट शाबूत असतं (ती चव थॅलॅमसमार्गे जाते), जातो तो घशामागून नाकात चढणारा स्वाद. नुसतं "वास येतो का" विचारून मी सुरुवातीच्या काळात बऱ्याच जणांच्या कागदावर नॉर्मल लिहिलंय, आता हुंगवल्याशिवाय लिहीत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मोठी आहे. वास गेलेल्या शंभर माणसांतल्या फार थोड्यांना पार्किन्सन होतो. 65 ते 80 वयात निम्म्याहून जास्त लोकांचा वास कमी झालेला असतो असं रिचर्ड डोटींनी 1984 मध्येच दाखवलं होतं. सायनस, पॉलिप, डोक्याला मार (चाळणीच्या हाडातून जाणाऱ्या तारा हिसक्याने तुटतात), तंबाखू, सर्दीचे व्हायरस, कोविड. कोविडमध्ये व्हायरस मुख्यतः वासाच्या न्यूरॉनला नाही तर त्यांना सांभाळणाऱ्या आजूबाजूच्या पेशींना धरतो, म्हणून बऱ्याच जणांचा परत आला. तिथली कहाणी ऐकली की फरक कळतो, अमुक तारखेला ताप आला आणि दुसऱ्या दिवशी वास गेला, मग दोन-तीन महिन्यांनी कॉफीला जळक्या रबरासारखा वास यायला लागला. हा विचित्र वास त्रासदायक असतो पण तो सहसा नाकाच्या बाजूची लाईन नव्याने जोडली जात असल्याची खूण असते, मेंदू झिजण्याची नव्हे. पार्किन्सनचा वास तारीख सांगून जात नाही.

अल्झायमरचं थोडं निराळं. तिथे टाऊ प्रोटीनच्या गुंत्यांची सुरुवात एन्टोरायनल आणि त्याच्या काठाला होते, म्हणजे वासाच्या लाईनीचं वरचं स्टेशन. त्यामुळे सुरुवातीला वास येतो पण ओळख पटत नाही, "मसाल्यातलं काहीतरी आहे, रोजचंच आहे" इथपर्यंत येऊन माणूस अडतो. पण नाव न आठवणं वेगळं आणि वास न ओळखणं वेगळं, म्हणून तपासताना चार पर्याय वाचून दाखवायचे, हिंग, कॉफी, गुलाब, की केळं? पर्याय देऊनही चुकलं तर ती वासाची चूक. पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीची 40 वासांची खरवडून हुंगायची टेस्ट ह्याच पद्धतीची आहे, फक्त तिच्यात पंपकिन पाय हा भोपळ्याचा गोड पदार्थ, रूट बिअर हे पेय असले अमेरिकन वास आहेत, जे आपल्या आजी-आजोबांनी आयुष्यात हुंगलेले नाहीत, तर तिथे मार्क कमी पडले म्हणून घाबरण्यात अर्थ नाही.

घरी बघायचं असेल तर असं बघा. चार वाट्या, कॉफी पावडर, गुलाबपाण्याचा कापूस, हिंग, आणि चौथी रिकामी. बाबांचे डोळे मिटलेले, एक नाकपुडी बंद, वाटी नाकाखाली बोटभर अंतरावर, दोन हुंगे, मग मिनिटभर थांबा, नाहीतर आधीचा वास रेंगाळतो. रिकामी वाटी मुद्दाम मधेच द्या, म्हणजे अंदाजपंचे बोलतात का ते कळतं. विक्स, कापूर, अमृतधारा, आलं ह्यात घेऊ नका, वर सांगितलं तेच कारण. गुलाबपाणी का, तर गुलाबाचा वास पाचव्या नसेला जवळजवळ छेडतच नाही. एकाच नाकपुडीने येत नसेल तर ते सरळ नाकाचं दुखणं असण्याची शक्यता जास्त, क्वचित आत गाठ दाबत असते, त्यामुळे ते तर लवकर दाखवा.

दोन्हीकडून नसेल तर पहिली भेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे, न्यूरॉलॉजिस्टकडे नाही. नाक स्वच्छ निघालं आणि सोबत दुसरं काहीच नसेल तर मी स्वतः स्कॅन करायला सांगत नाही. आजार थांबवणारं औषध आज सिद्ध झालेलं नाही, आणि एकट्या वासावरून मिळालेली भीती घेऊन माणूस दहा वर्षं जगतो, मला ते योग्य वाटत नाही. वर्षातून एकदा तपासून घ्यायचं एवढंच. पण सोबत झोपेत ओरडणं-मारणं असेल, बरीच वर्षं जुनी बद्धकोष्ठता असेल, एक हात चालताना हलत नसेल, अक्षर लहान झालं असेल, तर वजन एकदम बदलतं, मग वाट बघू नका. ह्यात झोपेतलं सगळ्यात वजनदार, कारण स्वप्नाच्या झोपेत शरीर ढिलं पडायला हवं आणि ते पडत नसेल तर बिघाड ब्रेनस्टेममध्ये पोचलाय असा संशय येतो. नुसता हात कापतो पण वास चांगला येतोय, तर पार्किन्सनपेक्षा इसेन्शियल ट्रेमर ह्या हात थरथरण्याच्या वेगळ्या आजाराकडे मन वळतं, तिथेही नाक उपयोगी पडतं.

तर बाबांसाठी एवढं करा. वाट्यांची टेस्ट दोन वेगवेगळ्या दिवशी, सर्दी नसताना. आईंना एकटीला विचारा की रात्री झोप कशी असते, बाबांसमोर त्या सांगणार नाहीत. ओरडतात म्हणाल्या तर मोबाईल टेबलावर लावून पहाटे तीन ते सहाच्या मधला व्हिडिओ काढा, स्वप्नाची झोप त्या वेळात जास्त असते. आणि बाबांची सात-आठ वर्षांपूर्वीची सही असलेला एखादा कागद, पासबुकाचा फॉर्म, जुनं पत्र, काहीही, डॉक्टरकडे जाताना सोबत घेऊन जा, आजच्या सहीशेजारी ठेवून बघतील ते.